फाइल आठचा अपवाद

ममता मुनेश्वरला भांडणात हरवणारा माणूस पुसदमध्ये अजून जन्माला यायचा आहे, असं तहसील कचेरीमागच्या गल्लीत बोललं जायचं. बोलणारे सगळे तिच्याकडून हरलेले असल्यामुळे त्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. झेरॉक्सवाल्याशी तिचं लाइटबिलावरून वाजलेलं, समोरच्या पानठेल्याशी पिचकाऱ्यांवरून वाजलेलं, आणि सख्ख्या भावाशी कशावरून वाजलं होतं ते दोघंही विसरले होते, पण बोलणं मात्र बंद होतं.

झेरॉक्सच्या वरच्या खोलीत तिचं भाषांतराचं दुकान होतं. ती त्याला दुकानच म्हणायची. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन खुर्च्या, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली कागदांची चळत. त्याआधी नऊ वर्षं ती बळीरामजींकडे टायपिंग करत होती. बळीरामजी म्हणजे कचेरीबाहेर लिंबाखाली टेबल टाकून बसणारे अर्जनवीस. त्यांनी तिला अर्ज शिकवले, प्रतिज्ञापत्रं शिकवली आणि एक गोष्ट डोक्यात खिळा ठोकावा तशी ठोकून बसवली: "वाचून दाखवल्याबिगर अंगठा घ्याचा नाई, पोरी. अन् अंगठा घेतल्यावर कागदातली मात्राबी हालवाची नाई. हालवली का पुन्हा वाचाचं, पुन्हा घ्याचा." बळीरामजी गेले, टेबल गेलं, पण ते वाक्य ममताकडे राहिलं. त्या वाक्याचा तिला गर्व होता, आणि गर्व लपवणं तिला कधी जमलंच नाही.

फवारणीत माणसं गेली त्या हंगामानंतरचा उन्हाळा होता तो. कापसाला बोंडअळीनं पोखरलं होतं, आणि तिला मारायला जे फवारलं त्यानं फवारणाऱ्यांनाच गाठलं होतं. मग अहवालवाले आले. पुण्याच्या एका संस्थेनं तांड्यातांड्यांवर माणसं पाठवली, बोलणं रेकॉर्ड केलं, तिकडं पुण्यात बसून त्याचं इंग्रजी केलं, आणि ते इंग्रजी मराठीत करायला ममताकडे धाडलं. सोबत दोनशे शब्दांची यादी: या इंग्रजी शब्दाला हाच मराठी शब्द, दुसरा चालणार नाही. एकूण अकरा फाइली. त्यातली आठवी फाइल जबाबांची, चौदा जणांची. त्यांचं मराठी झालं की तांड्यावर जाऊन ते वाचून दाखवायचं, खाली अंगठा घ्यायचा आणि "वरील मजकूर वाचून दाखवला, बरोबर असल्याचे सांगितले" याखाली ममतानं सही करायची, असं ठरलं होतं. ममतानं ते सगळं केलं, अकराही फाइली वेळेआधी दोन दिवस पाठवल्या आणि एक बारीकशी चूकही निघाली नाही म्हणून आठवडाभर गल्लीत ताठ मानेनं फिरली.

महिन्याभरानं पुण्याहून पत्र आलं. पाठवणारी सुरभी, त्या प्रकल्पाची समन्वयक. वय ममतापेक्षा दहा वर्षांनी कमी आणि तोरा दहा वर्षांनी जास्त. पत्र असं होतं:

"विषय: दिलेल्या मराठी भाषांतरांत शब्दयादीतील शब्द बदलणे. यादीतील ४३ क्रमांकाचा शब्द 'विषबाधा' रद्द करण्यात आला आहे. त्याऐवजी सर्वत्र 'फवारणीनंतरची अस्वस्थता' वापरावे. बदल फाइल क्रमांक १ ते ११ मध्ये करावा. अपवाद: एक, शासकीय परिपत्रकांची नावे जशीच्या तशी ठेवावीत. दोन, फाइल ४ मधील कीटकनाशकाच्या डब्यांवरचा छापील मजकूर बदलू नये. तीन, फाइल ९ मधील डिस्चार्ज कार्डांचे उतारे बदलू नयेत. शब्दाची सर्व रूपे तपासावीत, केवळ शोधा-आणि-बदला वर अवलंबून राहू नये. जुन्या फाइली तशाच ठेवून नव्या फाइलींच्या नावापुढे 'दुसरी आवृत्ती' लिहावे. आपल्याकडील भाषांतर-संग्रहातही नवा शब्द नोंदवावा, म्हणजे पुढील कामात जुना परत येणार नाही. मंगळवार, सायंकाळी पाचपर्यंत."

ममतानं ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा तिला शब्दाचा राग आला. माणूस मेला तर त्याला अस्वस्थता म्हणायची? अहवालाला पैसे देणाऱ्यांना 'विषबाधा' बोचली असणार हे कळायला काही ज्योतिषी लागत नव्हता. पण राग येऊनही ती कामाला बसली. शब्द गिऱ्हाइकाचा, वाक्य आपलं, हे तिनं फार आधीच मान्य केलं होतं. पोट भरणाऱ्या माणसाला सगळ्याच रागांमागे धावता येत नाही.

दोन दिवस ती काम करत राहिली. 'विषबाधेमुळे', 'विषबाधेची लक्षणं', 'विषबाधाग्रस्त', एकेक रूप स्वतंत्र शोधायचं. दोन्ही शब्द बाईमाणूस, म्हणून विशेषणं बदलायची वाचली, एवढंच काय ते सुख. 'फवारणीतून झालेली विषबाधा' या जागी नुसतं बदललं तर 'फवारणीतून झालेली फवारणीनंतरची अस्वस्थता' असा घोळ निघायचा, ती सगळी वाक्यं तिनं हातानं सरळ केली. परिपत्रकांची नावं सोडली, डबे सोडले, डिस्चार्ज कार्डं सोडली. दहा फाइली झाल्या. मग तिनं आठवी उघडली आणि तिचा हात थांबला. चौदा जबाब, शेवटच्या पानांवर चौदा निळे अंगठे. अपवादांच्या यादीत ही फाइल नव्हती.

तिनं लगेच फोन लावला.

"मॅडम, फाइल आठ अपवादात टाकायची राहिली तुमची."

"राहिली नाही," सुरभी म्हणाली. "सगळीकडे एकच शब्द हवाय. जबाबात एक आणि अहवालात दुसरा असं कसं चालेल?"

"त्याच्यावर अंगठे हायेत लोकांचे."

"अंगठ्याची पानं स्कॅन केलेली आहेत ना, ताई? ती वेगळीच आहेत. तुम्ही वर्डमधला मजकूर बदला आणि शेवटचं पान तेच लावा. अर्ध्या तासाचं काम आहे."

ममताचा आवाज चढला. चढलेला आवाज खाली झेरॉक्सपर्यंत गेला आणि तिथली दोन गिऱ्हाइकं वर मान करून ऐकायला लागली. "म्हंजे माणसानं एका कागदावर अंगठा देल्ला, अन् तुमी तो दुसऱ्या कागदाले चिकटवता? यालेच तं बनवेगिरी म्हणते, मॅडम! खाली सही माही हाय!"

"तुम्ही आवाज कमी करा आधी. तुम्ही व्हेंडर आहात. अपवाद ठरवायचं काम तुमचं नाही."

"वाचून दाखवल्याबिगर मी मात्राही हालवणार नाही."

"मग जा ना, पुन्हा वाचून दाखवा!" सुरभीही आता चिडली होती. "अडवलंय कोणी? नवा शब्द घाला, वाचा, नवे अंगठे घ्या. पण मंगळवारी पाचला फाइल हवी. नाहीतर अमरावतीला दुसरे आहेत, ते प्रश्न विचारत नाहीत."

फोन आपटून ममता हसली. तिला हवं तेच घडलं होतं. तांड्यावरची माणसं 'अस्वस्थता' ऐकून काय म्हणतील हे तिला पाठ होतं. एकजणही अंगठा देणार नाही, चौदाच्या चौदा 'नाही' ती पुण्याच्या तोंडावर फेकेल, आणि ती दहा वर्षांनी लहान पोर जन्मभर लक्षात ठेवील. न्यायाची चाड तिला होतीच, नाही असं नाही. पण त्या घडीला तिच्या डोक्यात न्याय मागच्या बाकावर होता आणि सुरभी पुढच्या.

रविवारी सकाळी ती खेमसिंगला घेऊन निघाली. खेमसिंग तांड्यातलाच, बारावी झालेला, पुण्याच्या लोकांसाठी बंजाऱ्यांच्या गोर बोलीतून दुभाषाचं काम यानंच केलं होतं. जीपमधून उतरल्यावर अर्धा कोस चालायचं होतं. ऊन आत्ताच टाळूवर आलं होतं, आणि दोन्ही बाजूंच्या वावरांत कापसाच्या पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले होते.

"ताई, लोक चिडलेले हायेत," खेमसिंग म्हणाला. "महिना झाला, कोनीच काही कळवलं नाई त्याइले."

"चिडू दे. चिडलेलेच पाहिजेत मले."

तिसरा जबाब मानीबाईचा. ममतानं मुद्दाम तिच्यापासून सुरुवात केली, कारण मानीबाईचा नवरा हिरासिंग त्या हंगामात फवारणीनंतर नवव्या दिवशी दवाखान्यात वारला होता, आणि तिचा 'नाही' सगळ्यांत मोठा असणार होता. मानीबाई दारात तुरीच्या काड्या मोडत बसली होती. तिनं ममताकडं पाहिलं आणि काड्या मोडणं चालूच ठेवलं. बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. शेजारची चारपाच माणसं आपोआप जमली आणि तीही उभीच राहिली.

"मावशी, पुण्यावाल्याइनं तुमच्या कागदातला एक शब्द बदलवाले सांगतला," ममता म्हणाली. "मी वाचून दाखवतो. पटलं तं अंगठा द्या, नाई पटलं तं नका देऊ. माह्याकडून जबरदस्ती नाई."

"वाच," मानीबाई म्हणाली.

ममतानं वाचलं. या खेपेला सावकाश वाचलं, एकेक वाक्य, आणि खेमसिंग ते गोर बोलीत सांगत गेला. "माझे पती हिरासिंग यांनी सप्टेंबर महिन्यात शेतात फवारणी केली. त्या दिवशी जोराचा वारा होता. वाऱ्यात फवारणी झाल्यामुळे त्यांना फवारणीनंतरची अस्वस्थता झाली." इथे ममता थांबली आणि तिनं मान वर केली. आता स्फोट होईल म्हणून ती वाट पाहत होती.

मानीबाईनं काडी मोडली. "पह्यले काय होतं तिथं?"

"विषबाधा."

"मंग काय बदललं?"

ममताला वाटलं, हिला कळलं नाही. "मावशी, विषबाधा म्हंजे जहर चढलं. अस्वस्थता म्हंजे नुसतं बरं नाई वाटत. लय फरक हाय."

"मले फरक नको शिकवू," मानीबाई एकदम उभी राहिली. काड्या तिच्या मांडीवरून खाली सांडल्या. "मले सांग, सदाशिवराव कुठी हाय या कागदात?"

"कोण सदाशिवराव?"

जमलेल्या माणसांमधून एक आवाज आला, हसल्यासारखा, पण हसण्याचा नव्हता. खेमसिंग पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला.

"वारं होतं म्हून हिरासिंग नाई म्हनत होता," मानीबाई म्हणाली. तिचा आवाज ममतापेक्षाही वर चढला. "दोनदा नाई म्हनला. सदाशिवराव, वावराचा मालक, धुऱ्यावर उभा होता, म्हनला, आजच उरकव, नाईतं उद्यापासून येऊ नको. मी ड्रममधी पानी टाकून राह्यली होती, माह्यासमोर म्हनला. ते मी सांगतलं होतं त्या पुण्याच्या पोराइले. मशीनमधी बोलली मी, नाव घेऊन बोलली. तुह्या कागदात म्हनते का वारं होतं! वाऱ्यानं मारलं का माह्या मानसाले?"

ममतानं कागदावरची ओळ पुन्हा वाचली. 'वाऱ्यात फवारणी झाल्यामुळे.' तिचंच वाक्य होतं. पुण्याच्या इंग्रजीत तसंच होतं, कोणी करवली ते नव्हतंच, आणि तिनं ते स्वच्छ, बिनचूक मराठी केलं होतं.

"मंग मागच्या खेपीले अंगठा काहून देल्ला तुमी?" ममतानं विचारलं. विचारायला नको होतं, पण सवयीनं तोंडून गेलं. हरायची वेळ आली की ती प्रश्न विचारायची.

"तू वाचलं का मागच्या खेपीले?" मानीबाई दोन पावलं पुढं आली. "बजाराचा दिवस होता. चौदा मानसं वट्यावर बसवले. तू एकेकाचं वाचन दोन मिनटात करून राह्यली होती, घडी घडी घड्याळ पाहून राह्यली होती. तुले शेवटची जीप पाह्यजे होती. खेमा म्हनला, तुमीच सांगतलं तेच लिवलं हाय, याडी, माय, दे अंगठा. शिकलेली बाई खोटं कायले लिवन, म्हून देल्ला!"

खेमसिंगनं मान वर केली नाही. "ताई, तुमी घाई करत होत्या," तो हळूच म्हणाला. "मी थोडक्यात सांगतलं."

ममतानं मनात हिशोब केला. खरं होतं ते. चौदा जबाब तासाभरात, आणि शेवटी सहीच्या ओळीवर तिची ठसठशीत सही. बळीरामजींचं वाक्य तिनं पुण्याला ऐकवलं होतं, पण स्वतः पाळलं नव्हतं. पुण्याची पोर आज जो कागद बनवायला सांगत होती, तो ममतानं महिन्यापूर्वीच बनवून दिला होता, वेळेआधी दोन दिवस. सुरभीला निदान कोणी सांगितलं नव्हतं, अंगठा म्हणजे काय ते. हिला नऊ वर्षं सांगितलं होतं.

"चुकलं माह्यं," ती म्हणाली. हे दोन शब्द तिच्या तोंडून पुसदमध्ये कोणी ऐकले नव्हते, आणि तांड्यावर त्यांची कोणाला किंमत वाटली नाही.

"चुकलं म्हून काय करू मी?" मानीबाई म्हणाली. "निंघ. तुहा शब्द तुले लखलाभ."

ममता निघाली नाही. तशीच उन्हात ओट्याच्या कडेला बसली, पिशवीतून कोरे कागद काढले आणि पेन उघडलं. "मशीनमधी जे बोलल्या ते पुन्हा सांगा. तुमच्याच शब्दात लिहितो. यादीतला एकबी शब्द घालणार नाई. हातानंच लिहितो, इथंच, तुमच्यासमोर."

"आता कायले? तूबी पुण्याचीच."

"नका सांगू मंग. मी बसतो."

ती बसली. माणसं उभी होती. कोणी तरी शिवी दिली, गोर बोलीत, आणि खेमसिंगनं ती सांगितली नाही, पण शिवीला दुभाषा लागत नाही. तासभर गेला असेल. शेवटी मानीबाईच बोलायला लागली, ममताकडे न बघता, काड्यांकडे बघत. ममता लिहीत गेली. 'सदाशिवराव धुऱ्यावर उभा होता' असं लिहिलं. 'तोंडाले फडकंबी नव्हतं' लिहिलं. 'संध्याकायी डोये लाल झाले, मले म्हने अंधार दिसून राह्यला' लिहिलं. दोन पानं झाली. मग तिनं पहिल्या शब्दापासून वाचलं, खेमसिंगला एकेक वाक्य पूर्ण सांगायला लावलं, आणि मानीबाईनं तीन ठिकाणी थांबवून दुरुस्त करायला लावलं. तिन्ही दुरुस्त्या केल्यावर ममतानं सगळं परत वाचलं. उन्हानं पानं गरम झाली होती.

"आता बरोबर हाय," मानीबाई म्हणाली.

ममतानं शाईचा पॅड पुढं केला.

मानीबाईनं हात मागं घेतला. "मागच्या खेपीलेबी बरोबर हाय म्हनून घेतला होता. या खेपीले पह्यले तुहा दे."

"मी सही करतो ना, मावशी. माही सही असते खाली."

"सही तुले सोपी हाय. मागच्या खेपीलेबी सहीच केलती. अंगठा दे. माह्यासारखा."

ममता बी.ए. होती. तिच्या आजीनं अंगठा दिला होता, आईनं सही शिकून घेतली होती, आणि मुनेश्वरांच्या घरात ममताच्या वेळेपासून पॅड आलाच नव्हता. बाप गेला तेव्हा वाटणीच्या कागदावरही तिनं इंग्रजीत सही केली होती. तिनं आजूबाजूला पाहिलं. सगळे बघत होते. तिनं डावा अंगठा पॅडवर दाबला आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात उमटवला. मग मानीबाईनं शेजारी आपला उमटवला, जोर लावून, आणि कागद स्वतः उचलून वाळवला.

बाकीचे तेरा जबाब सोमवारी आणि मंगळवारी झाले. त्यातल्या दोघांनी बोलायलाच नकार दिला, त्यांची नावं तिनं तशीच 'नकार' म्हणून लिहिली. मंगळवारी पाचला दहा मिनिटं कमी असताना तिनं पुण्याला उत्तर पाठवलं. दहा फाइलींची दुसरी आवृत्ती जोडली, अपवाद पाळल्याचं लिहिलं आणि खाली आणखी एक अपवाद टाकला: "चार, फाइल आठ. जुने चौदा जबाब मी नीट न वाचता घेतले होते, त्यावरची माझी सही मी मागे घेते. ते वापरू नयेत. नवे बारा हस्तलिखित जबाब जोडले आहेत. यांत शब्दयादी लागू नाही."

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, तीन ओळींचं. हे काम आता अमरावतीला दिलं आहे. यापुढे आपली गरज नाही. शेवटची ओळ सुरभीनं वेगळी लिहिली होती: "रेकॉर्डसाठी विचारते. जबाब तीनवर अंगठे दोन आहेत. दुसरा कोणाचा?"

ममतानं उत्तर टाइप केलं.

"व्हेंडरचा."